युनिव्हर्सल लॅपटॉप चार्जर आणि चुकीचे व्होल्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात लॅपटॉप दुरुस्तीचं माझं छोटं दुकान आहे. जून-जुलैत कॉलेजं सुरू झाली की आणि जानेवारीत गड्ड्याची यात्रा उठली की, व्हॉट्सअॅपवर एकाच प्रकारचे फोटो येऊ लागतात. आठ-दहा पिनांचं पाकीट, बाजूला व्होल्ट बदलायची छोटी पट्टी असलेला काळा चार्जर आणि खाली एक ओळ, ‘दादा, हा लावू का?’ तेच तेच उत्तर टाइप करून कंटाळलो, म्हणून सगळं इथे एकत्र लिहिलं आहे. कुठे दुसऱ्या उत्तराची गरज लागली तर त्या प्रश्नाचा नंबर दिला आहे.

१. हा युनिव्हर्सल चार्जर आणि लॅपटॉपसोबत आलेला चार्जर, यात नेमका फरक काय?

सोबत आलेला चार्जर एकाच व्होल्टचा असतो आणि त्याला एकच पिन असते. त्यात चुकायला वावच नाही. युनिव्हर्सलमध्ये दोन गोष्टी तुमच्या हातात दिलेल्या असतात, पिन आणि व्होल्ट. बहुतेक स्वस्त चार्जरवर १२, १५, १६, १८, १९, २० आणि २४ असे आकडे छापलेले असतात आणि एक पट्टी सरकवून त्यातला एक निवडायचा असतो. आता गोम अशी की पिन बदलली तरी पट्टी जिथे होती तिथेच राहते. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. माझ्याकडे जळून येणाऱ्या लॅपटॉपांची बहुतेक गोष्ट इथूनच सुरू होते.

२. माझ्या लॅपटॉपला किती व्होल्ट लागतात ते कुठे पाहू? जुना चार्जर हरवला आहे.

लॅपटॉप उलटा करा. खालच्या स्टिकरवर किंवा थेट प्लास्टिकवर इनपुटचा आकडा असतो, उदाहरणार्थ १९ व्होल्ट आणि ३.४२ अँपिअर. काही मॉडेलमध्ये तो बॅटरीच्या खाचेत लपलेला असतो, तेव्हा बॅटरी निघत असेल तर काढून पाहा. आकड्याशेजारी एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ दिसली की तो डीसीचा, म्हणजे आपल्या कामाचा आकडा.

इथे बरेच जण बॅटरीवरचा आकडा वाचून फसतात. बॅटरीवर ११.१ किंवा १४.८ असं लिहिलेलं असतं. ते बॅटरीचे व्होल्ट आहेत, चार्जरचे नाहीत. बॅटरीचा आकडा वाचून चार्जर १५ वर ठेवणारे महिन्याला एक-दोन तरी भेटतात. त्याने काय होतं ते प्रश्न ७ मध्ये आहे.

३. लॅपटॉपवर १९.५ लिहिलं आहे, चार्जरवर १९ नंतर थेट २० आहे. काय करू?

१९ ठेवा. डेल, सोनी आणि एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपना १९.५ लागतात, एसर आणि आसुसच्या बऱ्याच मॉडेलना १९, लेनोवोच्या बहुतेकांना २० आणि एचपीच्या जुन्यांना १८.५. या पट्ट्यात अर्धा-एक व्होल्ट इकडे तिकडे झाला तर लॅपटॉप कुरकुर करत नाही. त्याच्या आत येणारे व्होल्ट पुन्हा उतरवूनच वापरले जातात. दोन आकड्यांच्या मध्ये अडकलात तर खालचा निवडा, एवढंच.

पण ही सवलत जुन्या मशीनना लागू नाही. जुने आयबीएम थिंकपॅड १६ व्होल्टचे होते आणि तोशिबाचे काही १५ चे. त्यांना १९ देणं म्हणजे तीन-चार व्होल्ट जास्त देणं. काकांचा कपाटातला जुना लॅपटॉप चालू करून बघायचा असेल तर अंदाजाने जाऊ नका, स्टिकर वाचा.

४. पिन घट्ट बसली, म्हणजे चार्जर बरोबर आहे ना?

नाही. पिनेचा आकार व्होल्टबद्दल काहीच सांगत नाही. बाहेरून ५.५ आणि आतून २.५ मिलिमीटरची गोल पिन १६ व्होल्टच्या थिंकपॅडला लागायची, १९ व्होल्टच्या आसुसलाही लागते. वायफाय राउटरची १२ व्होल्टची पिन आतून थोडी बारीक, २.१ ची असते, पण डोळ्यांना फरक कळत नाही. बसणं आणि चालणं यात अंतर आहे.

उलटही होतं. योग्य पिनेऐवजी थोडी सैल पिन लावली तर ती लॅपटॉप हलवला की टच सोडते, ठिणगी मारते आणि जॅक काळा पडतो. पिन बसल्यावर डगमगत असेल तर ती तुमची नाही.

५. पिन चार्जरच्या वायरीला दोन्ही बाजूंनी बसते. कुठली बाजू बरोबर?

हा प्रश्न विचारणारे कमी, विचारायला हवा असणारे जास्त. काही स्वस्त चार्जरच्या वायरीला शेवटी दोन छिद्रांचा सॉकेट असतो आणि पिन त्यात सरळ किंवा उलटी, कशीही बसते. उलटी बसली की प्लस-मायनस बदलतात. गोल पिनेच्या लॅपटॉपमध्ये सर्वसाधारणपणे आतली बाजू प्लस आणि बाहेरची मायनस असते. स्टिकरवर वर्तुळाचं चिन्ह असतं, त्यातून मधल्या ठिपक्याला प्लस आणि बाहेरच्या कमानीला मायनस जोडलेला दिसेल. पिन कशी बसली आहे हे डोळ्यांवर सोडू नका, मीटर लावा (प्रश्न ९). मीटरने आकड्याआधी मायनस दाखवला तर पिन उलटी आहे.

६. चुकून २४ वर राहिलं तर खरंच जळतो का? आमच्या इथे एकाचा काही झाला नाही म्हणे.

दोन्ही खरं आहे. आणि म्हणूनच हा प्रकार घातक आहे, कारण एकदा वाचलेला माणूस दुसऱ्यांदा बिनधास्त लावतो.

आमच्या ओळखीच्या एका अण्णांचं टॉवेलचं दुकान आहे. बिलाच्या प्रिंटरचा अडॅप्टर गेला. तो प्रिंटर २४ व्होल्टचा, कागदावर उष्णतेने छापणारे बिलाचे प्रिंटर बरेचदा तेवढेच मागतात. अण्णांनी मुलीचा युनिव्हर्सल चार्जर नेला, पट्टी २४ वर केली, पिन जुळवली, आठवडाभर काम भागवलं. प्रिंटरचा नवा अडॅप्टर आल्यावर चार्जर घरी परत आला. मुलीने स्वतःच्या लॅपटॉपची पिन लावली, पट्टीकडे पाहिलं नाही. बटण आधीच चालू होतं. पिन आत गेली आणि तिच्या शब्दांत सांगायचं तर ‘टक् असा आवाज आला, बस’.

लॅपटॉप १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअरचा होता. माझ्याकडे आला तेव्हा आधी चार्जर मोजला, नुसताच मोकळा २४.६ दाखवत होता. मग लॅपटॉपच्या जॅकवर रेझिस्टन्स पाहिला, ०.३ ओहम. म्हणजे प्लस आणि मायनस आत कुठेतरी एकमेकांना चिकटलेले. बहुतेक बोर्डांत जॅकच्या मागे दोन मॉस्फेट, म्हणजे करंटची वाट उघडझाप करणारे बारीक स्विच, दाराच्या दोन कड्यांसारखे उभे असतात, त्यांच्या मागे मुख्य लाइन आणि त्या लाइनवर बारीक सिरॅमिक कपॅसिटर. दोन्ही मॉस्फेट आरपार झाले होते. ते काढले तरी मुख्य लाइन शॉर्टच. मग बाहेरून फक्त एक व्होल्ट दिला, बोर्डावर थोडं स्पिरिट सोडलं आणि बघत बसलो. सगळीकडे ओल होती, एका कपॅसिटरवरची मात्र झटकन उडाली. तोच गरम होत होता, म्हणजे तोच गेलेला. तो उचलला आणि शॉर्ट गेला. मॉस्फेट आणि कपॅसिटर बदलल्यावर लॅपटॉप सुरू झाला, पण बॅटरी भरेना, म्हणून चार्जिंगची आयसीही बदलावी लागली. प्रोसेसर आणि डिस्क सुखरूप होत्या. मार पहिल्या दारातच अडला.

आता २४ ने एवढं का व्हावं? या जागेवरचे कपॅसिटर बरेचदा २५ व्होल्टचे आणि मॉस्फेट ३० व्होल्टचे असतात. कागदावर २४ त्याच्या आत बसतात, आणि ‘एकाचा काही झाला नाही’ त्याचं कारण हेच. पण चालू चार्जरची पिन थेट आत ढकलली की वायर आणि सिरॅमिक कपॅसिटर यांच्यात क्षणभर झोका बसतो. त्या झोक्यात व्होल्ट जवळजवळ दुपटीपर्यंत उडू शकतात. १९-२० चा झोका सोसायची तजवीज लॅपटॉप बनवणाऱ्याने केलेली असते. २४ चा झोका चाळिशीच्या पुढे जाऊ शकतो, तिथे ३० चा मॉस्फेट काय टिकणार? काही मिलिसेकंदही लागत नाहीत. ‘लगेच काढलं’ याला म्हणूनच फारसा अर्थ उरत नाही.

७. मग कमी व्होल्टवर ठेवलं तर सुरक्षित ना? फार तर चार्ज होणार नाही.

जळण्याचा धोका बराच कमी, हे मान्य. १२ वर बहुतेक लॅपटॉप चार्जर लावल्याचं मानतच नाहीत, दिवा लागत नाही. १५-१६ वर मात्र विचित्र प्रकार होतात. चार सेलची बॅटरी पूर्ण भरते तेव्हा १६.८ व्होल्टला पोचते. चार्जिंगची सर्किट येणारे व्होल्ट उतरवून बॅटरीला देते, म्हणून १५ मधून १६.८ भरणार नाहीत. पाणी टाकीपेक्षा खाली असलेल्या नळातून टाकीत चढत नाही, तसंच.

दुसरी गोष्ट करंटची. लॅपटॉपला ६० वॅट हवे असतील तर १९ व्होल्टवर तो सुमारे ३.२ अँपिअर ओढतो आणि १५ वर ४ अँपिअर. काम तेवढंच, करंट जास्त. तो जादा करंट पिनेच्या टचमधून जातो आणि पिन तापते. चार्जर लावल्यावर पिन बोटाला चटका देत असेल तर आधी पट्टी तपासा.

८. चार्जर ९६ वॅटचा आहे, लॅपटॉप ६५ चा. जास्त वॅटने जळेल का?

नाही. व्होल्ट चार्जर ढकलतो, करंट लॅपटॉप लागेल तेवढाच ओढतो. ६५ च्या लॅपटॉपला ९६ चा चालतो. उलट ९० च्या लॅपटॉपला ६५ चा लावला तर चार्जर तापतो, बंद-चालू होतो. फक्त छापील ९६ वर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. लेबल नीट वाचलं तर बऱ्याचदा ते २४ व्होल्ट गुणिले ४ अँपिअर असतं, १९ वर किती अँपिअर मिळतील ते वेगळं लिहिलेलं असतं किंवा लिहिलेलंच नसतं. घेताना बीआयएसचा आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. तो बीआयएस केअर अॅपवर टाकला की कंपनी कोण ते कळतं. क्रमांकच नसेल तर मी तरी घेत नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर असला चार्जर गादीवर किंवा चादरीखाली ठेवणं म्हणजे त्याला भाजून काढणं.

९. मीटरने कसं तपासायचं? मी इलेक्ट्रिशियन नाही.

पिवळा, गोल बटणाचा साधा मल्टिमीटर पुरतो. काळी वायर कॉम लिहिलेल्या छिद्रात, लाल वायर व्होल्टच्या छिद्रात. लाल वायर १० अँपिअरच्या छिद्रात राहिली असेल तर मीटर म्हणजे नुसती तार होते आणि चार्जर शॉर्ट होतो, हे आधी बघा. बटण डीसीच्या २०० वर.

आता पट्टी योग्य आकड्यावर, पिन वायरीला, चार्जर लॅपटॉपपासून लांब आणि मग भिंतीचं बटण. लाल टोक पिनेच्या भोकात, काळं बाहेरच्या धातूला. दोन्ही एकमेकांना लागू देऊ नका. १९ वर ठेवलेल्या चार्जरने १८.५ ते २० च्या दरम्यान दाखवलं तर ठीक. २१-२२ दाखवत असेल तर पट्टीवर काहीही छापलेलं असो, तो चार्जर परत करा.

डेल आणि एचपीच्या जाड पिनेत मधोमध एक बारीक सुई असते. ती प्लस नाही, ती ओळख सांगणारी तार आहे. लाल टोक सुईला न लावता पिनेच्या आतल्या भिंतीला लावा, नाहीतर भलताच आकडा येईल.

चार्जर लोड पडल्यावर टिकतो का हेही बघायचं असेल तर ट्रकच्या इंडिकेटरचा २४ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब घ्या. हैदराबाद रोडला ऑटो स्पेअर्सच्या दुकानात सहज मिळतो. १९ वर तो पाऊण अँपिअरच्या आसपास घेतो. बल्ब पेटल्यावर आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडला तर चार्जर कमजोर आहे. बल्ब तापतो, टेबलाच्या सनमायक्यावर ठेवू नका (माझ्या टेबलावरचा गोल डाग त्याचाच).

१०. आधी लॅपटॉपला पिन लावू की आधी बटण चालू करू?

ओरिजिनल चार्जरला काहीही चालतं. युनिव्हर्सलला मात्र हा क्रम ठेवा. भिंतीचं बटण बंद, चार्जरचा दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबा, पट्टी सरकवा, बटण चालू करून मीटरने मोजा, पुन्हा बटण बंद, दिवा विझला की पिन लॅपटॉपला आणि शेवटी बटण. अशाने व्होल्ट हळूहळू चढतात, प्रश्न ६ मधला झोका बसत नाही. लॅपटॉप लावलेला असताना पट्टी कधीच सरकवू नका. १८ वरून १९ कडे जाताना बोट घसरून २० च्या पुढे गेलं तर परत येईपर्यंत खेळ संपलेला असतो.

आकडा एकदा ठरला की पट्टीवर पारदर्शक टेप चिकटवा किंवा ग्लू गनचा थेंब सोडा. बॅगेत वह्यांच्या कडेला घासून पट्टी सरकलेली मी पाहिली आहे.

११. पट्टी नसलेला ‘ऑटोमॅटिक’ घेतला तर ही कटकट संपते का?

बरीचशी. या प्रकारात पिनेच्या आत एक रेझिस्टर असतो आणि चार्जर तो वाचून व्होल्ट ठरवतो. म्हणजे व्होल्ट पिनेसोबत येतात. पण मग पिन निवडतानाच चूक होते. सारख्या दिसणाऱ्या दोन पिना एक १६ ची आणि एक १९ ची असू शकते. पिनेवर बारीक अक्षरात नंबर असतो आणि पाकिटावर त्या नंबरासमोर व्होल्ट. पाकीट फेकलं की पुरावा गेला. शिवाय एका कंपनीच्या चार्जरची पिन दुसऱ्याच्या चार्जरला लावू नका, तिथे तोच रेझिस्टर वेगळा अर्थ सांगू शकतो.

१२. व्होल्ट बरोबर, पिन बरोबर, तरी डेलचा लॅपटॉप बॅटरी भरत नाही आणि संथ चालतो.

सुरू होताना स्क्रीनवर `The AC power adapter wattage and type cannot be determined` असं येतं का? मग काही बिघडलेलं नाही. प्रश्न ९ मधली ती सुई चार्जरच्या आतल्या चिपशी बोलते आणि तो किती वॅटचा ते विचारते. स्वस्त चार्जरमध्ये ती चिप नसते, म्हणून लॅपटॉप सावध होतो, वेग कमी करतो आणि बॅटरी भरत नाही. त्यावर व्होल्ट वाढवणं हा उपाय नाही. एकाने ‘ताकद कमी पडते’ म्हणून २० वरून २४ वर केलं होतं. पुढचं सांगायला नको.

१३. टाइप-सी ची पिनही पाकिटात आहे. लावू का?

पट्टीच्या चार्जरवर नको. टाइप-सी मध्ये चार्जर ५ व्होल्टपासून सुरुवात करतो आणि दोन्ही बाजूंचं बोलणं झाल्यावरच वर जातो. साध्या पिनेत बोलणारी चिप नसेल तर १९ व्होल्ट थेट आत जातात, मग समोर लॅपटॉप असो की चार्जिंगला लावलेला मोबाइल. पीडी लिहिलेला चांगला टाइप-सी चार्जर वेगळा घ्या.

१४. चूक झालीच आहे. लॅपटॉप बंद पडला. आता काय करू?

आधी भिंतीचं बटण बंद. मग ओरिजिनल चार्जर मिळत असेल तर तो एकदाच, फक्त एकदा लावून पाहा. पिन आत गेल्यावर चार्जरचाच दिवा विझला आणि पिन काढल्यावर परत लागला, तर लॅपटॉपच्या आत शॉर्ट आहे. पुन्हा पुन्हा लावून काही होणार नाही, चांगला चार्जरही जायचा.

लॅपटॉप बॅटरीवर चालत असेल पण चार्ज होत नसेल तर ती बॅटरी तुमची शेवटची शिदोरी आहे. आधी फाइली पेनड्राइव्हवर घ्या, व्हिडिओ बघत बसू नका. मुळीच चालू होत नसेल तरी डिस्क बहुधा वाचलेली असते. ती सुटी निघत असेल तर दुसऱ्या मशीनला लावता येते.

दुरुस्तीला देताना खरं सांगा. ‘आपोआप बंद पडला’ म्हणून आणलेल्या लॅपटॉपवर मी दोन तास बॅटरी आणि रॅम तपासत बसतो. ‘२४ लावलं’ एवढं सांगितलं तर सरळ जॅकपासून सुरुवात होते.

१५. हाच चार्जर राउटरला, मॉनिटरला आणि लॅपटॉपला आलटून पालटून वापरू शकतो का?

वापरता येतो, पण मी सांगणार नाही. १२ व्होल्टच्या राउटरला १९ गेले तर तोही जातो, आणि प्रश्न ६ मधली गोष्ट अशाच आलटापालटीतून झाली. एका चार्जरला एकच मशीन. अण्णांच्या दुकानात आता बिलाच्या प्रिंटरच्या अडॅप्टरवर पांढऱ्या टेपवर मार्करने २४ लिहिलेलं आहे आणि मुलीच्या चार्जरची पट्टी ग्लूने १९ वर बसवलेली आहे. परवा तिथे टॉवेल घ्यायला गेलो तेव्हा दाखवली त्यांनी, नखाने ओढूनही हलत नाही.